वर्कशीटच्या फोटोत 3 चा 8 होतो तेव्हा काय काय तपासायचं

ऐक, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या शीटचे तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. मजकूर वाचता येतो, प्रश्न कळतात, आणि घोळ नेमका तिथेच आहे. चौथ्या प्रश्नात Zn²⁺ चं कॉन्सन्ट्रेशन 10⁻³ M आहे की 10⁻⁸ M, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. ग्रुपवर दोघांनी 8 समजून गणित सोडवलंसुद्धा. सेल डॅनिएल, E° 1.10 V, Cu²⁺ 1 M. नर्न्स्टच्या समीकरणात 10⁻³ घातलं तर 1.19 V येतं, 10⁻⁸ घातलं तर 1.34 V. दोन्ही उत्तरं चारचौघांसारखी दिसतात, त्यामुळे आकडा वाचताना चुकला अशी शंकाही येत नाही. अख्खी ओळ पुसट असती तर कुणीतरी लगेच विचारलं असतं.

क्लासला न आलेल्यांना शीट पोचवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हाच बिघाड मी सारखा निस्तरत असते. दर वेळी कारण वेगळं निघतं, पण कारणं मोजकीच आहेत आणि फोटोकडे नीट पाहिलं तर कोणतं ते बहुतेक वेळा कळतं.

आधी लक्षणं बघ

फोटो उघडून पानावरच्या सगळ्यात बारीक खुणेवर झूम कर. मोठ्या अक्षरांवर नको, ती नेहमीच बरी दिसतात. तुझ्या शीटवर ही खूण म्हणजे MnO₄⁻ वरचं वजा, घातांकातला 3, किंवा सेलच्या मांडणीतल्या Zn²⁺ || Cu²⁺ मधल्या दोन उभ्या रेघा. आता ती खूण कशी बिघडली आहे ते पाहा:

- तुझ्या गॅलरीत ठीक दिसते, पण माझ्याकडे आली की तिच्याभोवती राखाडी कचरा दिसतो आणि कडा चौकोनी-चौकोनी होतात: बिघाड पाठवण्यात आहे.
- पानभर दुधी पडदा आल्यासारखं आणि काळी शाई राखाडी: लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे.
- पानाचा मध्य स्पष्ट आणि कडा पुसट, किंवा वरचा भाग स्पष्ट आणि खालचा पुसट: अंतर किंवा कोन चुकला.
- प्रत्येक रेघ एकाच दिशेने दुहेरी: हात हलला.
- अक्षरं झकास काळी, पान शुभ्र, पण वजाची चिन्हं, तुटक रेघा आणि पेन्सिलीची लेबलं गायब: स्कॅनरच्या फिल्टरने खाल्ली.
- पानावर आडवे फिकट-गडद पट्टे: दिव्याच्या लुकलुकण्यामुळे.

दोन लक्षणं एकत्र असतील तर यादीत जे वर आहे ते आधी दुरुस्त कर. वरच्या गोष्टींना वेळही कमी लागतो आणि खर्च तर नाहीच.

पहिली तपासणी: फोटो खराब आहे की पाठवताना खराब झाला?

नवा फोटो काढायच्या आधी हे बघ, कारण कित्येकदा फोटो मुळात चांगलाच असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचन पावतो. साध्या दर्जात लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. आजकालच्या फोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 × 3000 असतो. म्हणजे लांबीला निम्म्याहून कमी पिक्सेल उरतात. त्यावर पुन्हा फाइल दाबून लहान केली जाते. हे दाबणं 8 × 8 पिक्सेलच्या चौकटींत होतं, आणि अशा एका चौकटीत तुझा अख्खा सबस्क्रिप्ट मावतो. आजूबाजूच्या राखाडी कचऱ्याचं कारण हेच.

तुझ्या शीटचा हिशोब करून दाखवते, म्हणजे मी उगाच कटकट करत नाही हे पटेल. सरांनी A4 ची दोन पानं छोटी करून एका A4 वर आडवी झेरॉक्स काढली आहेत. अशा वेळी सगळं सुमारे 71 टक्क्यांवर येतं. मूळ पानावर सबस्क्रिप्टचा आकडा साधारण 1.6 मि.मी. उंच असतो, तो 1.15 मि.मी. होतो. तुझ्या फोटोत टेबल, पाऊच आणि पाण्याची बाटली यांनी एक तृतीयांश जागा घेतली आहे, म्हणजे पानाच्या 297 मि.मी. लांबीला 1600 पैकी हजारेक पिक्सेल मिळाले. एका मि.मी.ला साडेतीन. त्या आकड्याच्या वाट्याला आले उंचीचे चार पिक्सेल! चार पिक्सेलांत 3 आणि 8 वेगळे दाखवताच येत नाहीत. आकड्याला दहाच्या आसपास पिक्सेल मिळाले तर तो अंदाजाने वाचता येतो, पंधरा-वीस मिळाले तर अंदाज लागतच नाही.

त्यामुळे पाठवताना जोडणीच्या चिन्हातून गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवड आणि तिथून फोटोची फाइल दे. डॉक्युमेंट जसंच्या तसं जातं. ते जमत नसेल तर फोटो पाठवायच्या आधी वर दिसणारं HD दाब. हा पर्याय 2023 पासून आहे. तो डॉक्युमेंटइतका चोख नाही, पण साध्या दर्जापेक्षा खूप बरा. आणि कुणीतरी फोटो म्हणून पाठवलेलं पुढे ढकलू नकोस, स्क्रीनशॉट काढून तर मुळीच नको. एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत, मग पुढे कितीही HD दाबा.

लाल पेनाच्या लेबलांबद्दल इथेच सांगते. JPEG फाइल दाबताना उजेड-अंधाराचा तपशील जास्त जपला जातो आणि रंगाचा तपशील सहसा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मा केला जातो. म्हणून डायग्रामवर तू लाल किंवा गुलाबी जेल पेनाने लिहिलेलं ‘सॉल्ट ब्रिज’ शेजारच्या काळ्या छपाईपेक्षा आधी फुटतं. फोटो काढायचा आहे हे आधीच माहीत असेल तर लेबलं काळ्या किंवा गडद निळ्या पेनाने लिही.

दुसरी: लेन्स पूस

फोन दिवसभर हातात आणि खिशात असतो, लेन्सवर तेलकट थर बसलेलाच असतो. त्या थरामुळे उजेड पसरतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. मोठ्या अक्षराला ते सहन होतं, वजाच्या एका बारीक रेघेला होत नाही. मऊ सुती रुमाल किंवा चष्म्याचं फडकं घे, हलकी वाफ सोड, गोल फिरवून पूस. ओढणीच्या जरीच्या टोकाने पुसू नकोस. झालं, पुढे चल.

तिसरी: पान कुठे ठेवलंय आणि उजेड कुठून येतोय

याला पैसे लागत नाहीत, फक्त जागा बदलावी लागते. तुझ्या खोलीतली ट्यूबलाइट डोक्यावर आहे. तू पानावर वाकलीस की तुझी आणि फोनची सावली बरोबर पानाच्या मध्यावर पडते. मग कॅमेरा उजेड कमी आहे असं समजून सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो, त्यातून दाणे येतात, आणि दाणे घालवायला फोन आपणहून फोटो गुळगुळीत करतो. हा गुळगुळीतपणा बारीक खुणांवर पहिला घाला घालतो, कारण फोनच्या लेखी एक सुटा ठिपका आणि दाणा यांत फरक नसतो. दशांश चिन्ह आणि E° वरचं वर्तुळ याच्यात जातात.

दिवसा खिडकीजवळ जा. खिडकी पानाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला येऊ दे, पाठीमागे नको. थेट ऊन पण नको, त्यात कागदाच्या प्रत्येक घडीची सावली पडते. रात्रीच काढायचा असेल तर दिवा बाजूला आणि तिरपा ठेव. फ्लॅश लावू नकोस. झेरॉक्सची शाई म्हणजे टोनर, तो कागदावर वितळून बसलेला असतो आणि चमकतो. फ्लॅश मधोमध पडला की तिथली काळी अक्षरं चक्क पांढरी दिसतात. पान थोडं फिरवलं की चमक सरकते, हे आधी डोळ्यांनी पाहून मग फोटो काढ.

आडव्या पट्ट्यांचा बंदोबस्तही यातच होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त LED दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेरा फोटो ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडतात. खिडकीच्या उजेडाला हा रोग नाही.

शीट पातळ कागदावर पाठपोट छापलेली असेल तर मागच्या बाजूचं पुढे उमटतं, आणि मागचा एखादा ठिपका पुढच्या आयनावर चार्ज होऊन बसतो. पानाखाली काळा कागद ठेव, काळ्या पुठ्ठ्याची फाइलही चालेल. आरपार गेलेला उजेड काळा कागद शोषून घेतो, पांढरा तो परत वर पाठवतो. याचा आणखी एक फायदा असा की स्कॅनर ॲपला पानाच्या कडा पटकन सापडतात.

चौथी: अंतर. इथे जास्त वेळ दे

‘बारीक आहे ना, मग जवळ जा’ हा सगळ्यांचा पहिला विचार असतो, आणि बहुतेक फोटो त्यानेच बिघडतात. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, त्याच्या आत आलं की फोकस बसत नाही. फोनचा मुख्य कॅमेरा जितका मोठा आणि भारी, तितकं हे अंतर बहुधा जास्त, काही फोनमध्ये 15 ते 20 सें.मी. त्याच्या आत गेलं की दोनांपैकी एक होतं. फोटो पुसट येतो. नाहीतर फोन तुला न विचारता दुसऱ्या, जास्त रुंद लेन्सवर जातो. तिथे जवळचं दिसतं, पण कडांना अक्षरं ताणली जातात आणि मऊ पडतात. मध्य स्पष्ट आणि कडा पुसट हे लक्षण इथलं.

स्वस्त फोनवर मॅक्रो नावाचा जो कॅमेरा असतो, तो तर या कामासाठी विसरून जा. नावावरून वाटतं की बारीक गोष्टींसाठीच दिला आहे, पण तो पुष्कळदा 2 मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे लांबीला 1600 पिक्सेल. पाठवायच्या आधीच आपण पहिल्या तपासणीतल्या तोट्यावर येऊन बसतो.

आता नेमकं अंतर. नेहमीच्या 1x कॅमेऱ्याने A4 पान 22-25 सें.मी. वरून चौकट भरतं. शाळेतली 30 सें.मी.ची पट्टी पानाशेजारी उभी धर आणि फोन तिच्या वरच्या टोकापेक्षा थोडा खाली ठेव, अंदाज बसतो. चौकट भरणं महत्त्वाचं, कारण टेबलावर खर्च झालेला प्रत्येक पिक्सेल सबस्क्रिप्टचा गेला. चारही कोपरे जेमतेम दिसतील एवढंच ठेव.

तुझ्या फोनचा फोकस 25 सें.मी. वरही कचरत असेल तर मागे हो आणि 2x निवड. तेच पान आता साधारण 45-50 सें.मी. वरून चौकट भरेल. फोकसचा प्रश्न सुटतो, शिवाय फोन दूर गेल्यामुळे त्याची सावलीही पानावर पडत नाही. मात्र 2x चं बटण कॅमेऱ्यात तयार असेल तरच. दोन बोटांनी ओढून 3.7x वगैरे केलेलं झूम बहुतेक फोनवर निव्वळ कापून मोठं केलेलं चित्र असतं, त्यात नवीन काही दिसत नाही.

आणि सगळ्यात उपयोगाचं सांगायचं तर, अशी दोन-पानं-एकात शीट असेल तर एका फोटोच्या हट्टाला पेटू नकोस. डावं अर्ध वेगळं, उजवं अर्ध वेगळं काढ. मघाचाच हिशोब पुढे नेते. पूर्ण A4 ने चौकटीची 90 टक्के लांबी भरली आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर 1.15 मि.मी.च्या आकड्याला 14 पिक्सेल मिळतात. वाचता येतं. अर्धं पान त्याच चौकटीत घेतलं तर 20 मिळतात. तुझे मूळचे होते चार. नवा फोन नाही, नवं ॲप नाही, फक्त दोनदा बटण दाबायचं. पण अर्धं पान 1x ने घ्यायचं तर फोन 15-17 सें.मी. पर्यंत खाली आणावा लागतो, म्हणून इथे 2x नेच काढ. दोन्ही फोटोंत मधली दोन बोटं जागा सामाईक येऊ दे, नाहीतर मधल्या समासात लिहिलेलं लेबल कुणाच्याच वाट्याला येत नाही.

डायग्रामचा तिसरा फोटो वेगळा काढ. सेलच्या आकृतीत बाण, तुटक रेघ आणि लेबलापासून भांड्यापर्यंत जाणारी बारीक रेघ असं सगळं दाटीने असतं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाणाच्या टोकावरून कळतं, आणि ते टोक सबस्क्रिप्टएवढंच असतं. जवळचा फोटो काढताना ‘आकृती 2’ हे नाव किंवा प्रश्नाचा क्रमांकही चौकटीत घे, म्हणजे कोणती आकृती कशाची हे विचारावं लागत नाही.

पाचवी: फोन पानाला समांतर आहे का?

सावली टाळायला आपण फोन तिरपा धरतो. मग पानाचा लांबचा भाग छोटा दिसतो, म्हणजे तिथल्या आकड्यांना पिक्सेल कमी मिळतात, आणि फोकस जवळच्या भागावर बसला असेल तर लांबचा भाग पुसटही होतो. ॲप नंतर पान ताणून चौकोनी करतं, पण ताणल्याने फक्त आकार सरळ होतो. वरच्या ओळीतले सबस्क्रिप्ट पुसट ते पुसटच राहतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू कर आणि पानाची कड रेघेशी जुळव. आयफोनवर पातळीची सोय चालू असेल तर फोन वरून खाली धरल्यावर मधोमध दोन अधिक चिन्हं येतात, ती एकमेकांवर बसली की फोन समांतर झाला. पान वहीत चिकटवलेलं असेल तर शिवणीजवळ ते वर उचललं जातं. वही पूर्ण उघडून दुसऱ्या बाजूखाली तेवढ्याच जाडीचं पुस्तक सरकव. घडी पडलेली शीट रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेव, किंवा घाई असेल तर उलट घडी घालून सपाट कर.

सहावी: फोकस, उजेडाची पातळी आणि हात

स्क्रीनवर पानाच्या मध्यावर बोट न टेकवता जिथे बारीक खुणा आहेत तिथे टेकव. फोन मग त्याच जागेचा विचार करून फोकस बसवतो. बोट टेकवल्यावर शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. पांढरं पान पाहून कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करतो, म्हणून ती किंचित वर सरकव. किंचितच. जास्त केलीस तर पान दुधासारखं होईल आणि पेन्सिलीची लेबलं त्यात विरघळतील. पेन्सिलीची रेघ अजून दिसते आहे ना, हे बघत बघत सरकव.

हात हलण्यावर उपाय म्हणजे दोन्ही कोपर टेबलावर टेकवायचे आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा. बटण दाबतानाच फोन हलतो, टायमरने तो धक्का निघून जातो. अर्ध्या पानाच्या फोटोत हे जास्त महत्त्वाचं, कारण जितकं झूम जास्त तितका हलण्याचा परिणाम मोठा.

सातवी: स्कॅनर ॲपचा फिल्टर

हे मुद्दाम शेवटी ठेवलं. ॲपने पान सरळ होतं, अनेक पानांची एक PDF होते, हे चांगलंच आहे. गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनच्या नोट्समध्ये ही सोय आधीच असते, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. पण त्यातला काळा-पांढरा फिल्टर आपल्या विषयासाठी वाईट. तो प्रत्येक पिक्सेलला विचारतो, तू काळा की पांढरा? मधलं काही चालत नाही. बारीक वजा फोटोत पूर्ण काळा नसतोच, राखाडी असतो, तो सरळ पांढरा होतो आणि NO₂⁻ चा NO₂ होतो. तुटक रेघ नाहीशी होते. उलट Zn²⁺ || Cu²⁺ मधल्या दोन रेघांतली फट भरून एक जाड रेघ होते, म्हणजे सॉल्ट ब्रिजच गेला. पान मात्र इतकं स्वच्छ दिसतं की काही हरवलंय हे कळतही नाही. पुसट फोटोवर लोक निदान शंका घेतात.

फिल्टर काढून मूळ फोटो किंवा राखाडी हा पर्याय ठेव. कापायच्या कडा ॲपवर सोडू नकोस, कोपरे स्वतः ओढून तपास. समासात उभं लिहिलेलं लेबल ॲपला पानाबाहेरचं वाटतं आणि ते कापलं जातं. PDF जतन करताना दर्जा विचारला तर सगळ्यात वरचा निवड, आणि PDF झाल्यावर पुन्हा त्या 3 वर झूम करून बघ.

शीट लॅपटॉपच्या स्क्रीनवर असेल तर यातलं काहीच करू नकोस. स्क्रीनचा फोटो काढला की जाळीदार लाटा येतात. मूळ फाइल पाठव, ती नसेल तर लॅपटॉपवरच स्क्रीनशॉट घे.

इथे थांब

काही बिघाड फोटोने सुटत नाहीत. त्यावर संध्याकाळ घालवू नकोस.

कागद खिडकीपाशी नेऊन नुसत्या डोळ्यांनी बघ, बहिर्गोल भिंग असेल तर उत्तम. कागदावरच 3 ची दोन्ही तोंडं भरून गेली असतील तर ती झेरॉक्सची झेरॉक्स आहे, आणि प्रत्येक पिढीत शाई थोडी थोडी पसरलेली असते. जे कागदावर नाही ते कॅमेरा आणणार कुठून? सरांकडे PDF किंवा पहिली प्रत माग. अंदाजाने आकडा गिरवून त्याचा फोटो तर पाठवूच नकोस, मग चूक छापील वाटू लागते.

कागद ठीक आहे, पण फोटो जमत नाही आणि शीट वर्षभर लागणार आहे, तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन स्कॅन करून घे. तिथे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, काळा-पांढरा नको, ग्रेस्केल किंवा रंगीत हवं. दुसरी, 600 dpi. न सांगता ते 200 किंवा 300 वर काढून देतात. 300 dpi म्हणजे मि.मी.ला 12 पिक्सेल, आपल्या छोट्या आकड्याला पुन्हा 14च, म्हणजे तू घरी पूर्ण पानाच्या नीट काढलेल्या फोटोइतकेच. त्याचे पैसे कशाला द्यायचे? 600 ला 27 मिळतात. फाइल मेलवर किंवा पेन ड्राइव्हमध्ये घे. दुकानदार व्हॉट्सॲप करतो म्हणाला तर डॉक्युमेंट म्हणून करायला सांग.

आणि फोनच बिघडला असेल तर तेही ओळखता येतं. भर दिवसा, स्वच्छ लेन्सने, 30 सें.मी. वरून वर्तमानपत्राचे काही फोटो काढ, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून. एकही स्पष्ट येत नाही, किंवा फोकस पुढे-मागे डुलत राहतो आणि बसतच नाही, तर कॅमेऱ्याच्या फोकसची यंत्रणा अडकली असावी. आधी फोनचं मागचं कव्हर काढून एकदा बघ, चुंबक असलेल्या कव्हरांमुळेही असं होऊ शकतं. तरी तसंच असेल तर दुरुस्तीवाल्याकडे ने. लेन्सवरच्या काचेला तडा असेल किंवा पावसात भिजल्यावर काचेच्या आत धुकं दिसत असेल तेव्हाही तेच. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करू नकोस, काच टाचणीने उचकटू नकोस. कॅमेऱ्याचा भाग बदलणं घरी करायचं काम नाही. तोपर्यंत शीट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर काढ.

फोटो कितीही चांगला आला तरी ज्या जागा शंकेच्या वाटतात त्या फोटोखाली टाइप करून टाक. टाइप करताना वर-खाली करता येत नसेल तर घातांकाला ^ आणि सबस्क्रिप्टला _ वापर, ग्रुपमध्ये सगळ्यांना कळतं. तुझ्या शीटसाठी एवढं पुरे:

```
Q4: [Zn^2+] = 10^-3 M, [Cu^2+] = 1 M
Zn(s) | Zn^2+ || Cu^2+ | Cu(s)
E^0_cell = 1.10 V
```